पॉलिटेक्निकच्या प्लेसमेंट सेलला पत्र : जागा, पात्रता आणि तारखा कशा लिहायच्या

प्रश्न : राळेगाव तालुक्यात आमचं जिनिंग-प्रेसिंग आणि सरकीच्या तेलाचं युनिट आहे. मेंटेनन्सला डिप्लोमावाली सहा पोरं पाहिजेत. यवतमाळ-वर्ध्याकडच्या तीन कॉलेजांना मेल टाकला, एकाचंही उत्तर नाही. कॅम्पस घ्या म्हणून प्लेसमेंट सेलला पत्र कसं लिहायचं? जागा, पात्रता, तारखा यात नेमकं काय टाकायचं?

उत्तर :

उत्तर का आलं नाही, ते आधी समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक तंत्रनिकेतनांत टीपीओ, म्हणजे प्रशिक्षण व प्लेसमेंट अधिकारी, हे काही स्वतंत्र पद नसतं. मेकॅनिकल नाही तर सिव्हिलच्या एखाद्या अधिव्याख्यात्याकडे तो जादा कार्यभार असतो. त्यांचे तास असतात, प्रॅक्टिकल असतात, परीक्षेची ड्युटी असते आणि त्यातून उरलेल्या वेळात कॅम्पस बघायचा असतो. मी हे काम तंत्रनिकेतनात बरीच वर्षं केलं आणि आता कंपन्यांच्या बाजूने भरती बघतो, त्यामुळे पत्राचं पुढे काय होतं ते दोन्ही टोकांनी पाहिलं आहे. पत्र आधी प्राचार्यांच्या नावाने आवक होतं, त्यांचा शेरा घेऊन टीपीओकडे येतं, टीपीओ त्याचा मजकूर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात आणि संध्याकाळी पोरगं तो घरी बापाला वाचून दाखवतं. या चौघांपैकी कुणालाही तुम्हाला फोन करून काही विचारावं लागलं, तर पत्र तिथेच थांबतं. "आमच्याकडे विविध पदांसाठी होतकरू उमेदवार हवेत, कृपया सहकार्य करावे" एवढंच लिहिलेलं असलं, तर टीपीओ नोटीस काढणार तरी कशाची?

म्हणून मेल टाका, पण सहीशिक्क्याची छापील प्रत हातोहात देऊन पोच घ्या. लेटरहेडवर जीएसटी आणि उद्यम नोंदणीचा क्रमांक असू द्या. नोकरी लावून देतो म्हणून पोरांकडून पैसे उकळणारे तालुक्या-तालुक्यांत फिरतात, त्यामुळे अनोळखी कंपनीचं पत्र आलं की टीपीओ आधी तेच तपासतात. "कोणत्याही टप्प्यावर विद्यार्थ्याकडून शुल्क, अनामत वा मूळ कागदपत्रे घेतली जाणार नाहीत" हे वाक्य पत्रात घातलंत, तर निम्मी शंका तिथेच मिटते.

आता जागा. "मेंटेनन्स इंजिनिअर, 6 पदे" असं लिहू नका. पोराला जिनिंग बाहेरून माहीत असतं, कारण बाप तिथे कापसाची गाडी घेऊन जातो. आत डिप्लोमावाल्याला काय काम असतं, ते मात्र त्याला ठाऊक नसतं. म्हणून कामच लिहा. मेकॅनिकलवाल्यासाठी : डबल रोलर जिनच्या रोलरची ग्रूव्हिंग, चाकूंची सेटिंग, बेअरिंग आणि बेल्ट बदलणं, प्रेसचं हायड्रॉलिक बघणं, एक्स्पेलरची देखभाल. इलेक्ट्रिकलवाल्यासाठी : मोटर, स्टार्टर, पॅनल, जनरेटर आणि आगीच्या दृष्टीने वायरिंगची रोजची तपासणी. इतकं लिहिलं की टीपीओ वर्गात जाऊन समजावून सांगू शकतात आणि ज्याला धूळ-आवाजात काम नको आहे, तो स्वतःहून बाजूला होतो. तो मुलाखतीआधीच बाजूला झालेला तुमच्यासाठी बरा.

सहा म्हणजे किती मेकॅनिकल, किती इलेक्ट्रिकल, तेही फोडून सांगा. आणि आकडा खरा ठेवा. एका कंपनीने आमच्याकडे 25 जागांचं पत्र दिलं होतं, दिवसभर पोरं बसवली आणि घेतली 3. पुढल्या वर्षी तिचं पत्र आलं, तेव्हा प्राचार्यांनी त्यावर शेराच मारला नाही. चारच घ्यायचे असतील तर चार लिहा आणि दोन प्रतीक्षा यादीत ठेवा.

तुमच्या तेलाच्या युनिटला बॉयलर असेल आणि त्यावरही माणूस हवा असेल, तर ती जागा या पत्रात घालू नका. बॉयलर चालवायला प्रमाणपत्रधारक अटेंडंट लागतो, नवा डिप्लोमावाला त्या जागी कायद्याने बसत नाही. लॅब आणि अकाउंटच्या जागाही वेगळ्या ठेवा. त्या बीएस्सी, बीकॉमच्या कॉलेजला वेगळ्या पत्राने कळवा. एका पत्रात सगळं कोंबलं की तंत्रनिकेतनाला वाटतं हे आपल्यासाठी नाही, आणि पदवी कॉलेजलाही तसंच वाटतं.

पगाराबद्दल सविस्तर सांगतो, कारण पोरं सोडून जाण्याचं मोठं कारण पत्रातल्या याच ओळीत असतं. समजा तुम्ही महिन्याला एकूण 16,000 देणार आहात, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000. त्यावर 12 टक्के पीएफ कापला की 1,560 गेले. ईएसआय लागू असेल तर 16,000 च्या 0.75 टक्के म्हणजे 120. व्यवसाय कर 200. हातात आले 14,120. मुलींना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून त्यांच्या हातात 14,320. आता हेच कंपनीच्या बाजूने मोजा. तुमचा पीएफचा वाटा 1,560 आणि ईएसआयचा 3.25 टक्के म्हणजे 520 मिळवले तर तुम्हाला महिन्याला 18,080 पडतात, वर्षाचे जवळपास 2 लाख 17 हजार. बऱ्याच कंपन्या पत्रात "पॅकेज 2.17 लाख" एवढंच लिहितात. पोरगं घरी सांगतं, अठरा हजाराची नोकरी लागली. पहिल्या महिन्यात खात्यात चौदा पडले की बापाला वाटतं पोराला फसवलं आणि पोरगं परत येतं. म्हणून तीन आकडे लिहा : एकूण पगार, हातात येणारी रक्कम आणि कंपनीचा वार्षिक खर्च. खोली देणार की नाही, जेवणाचं काय आणि एसटी स्टँडपासून कारखाना किती लांब, हेही त्याच परिच्छेदात येऊ द्या. 14,120 मधून खोलीभाडं आणि मेस द्यायची असेल, तर गावाहून येणारा मुलगा वेगळा हिशेब करतो.

तुम्ही नोकरी देताय की शिकाऊ उमेदवारी, हेही उघड लिहा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेल्याला विद्यावेतन मिळतं आणि पीएफ, ईएसआय लागत नाही. ती वाट वाईट नाही. पण पत्रात "ट्रेनी" लिहून पहिल्या दिवशी अप्रेंटिसचा करार पुढे ठेवला, तर पुढच्या वर्षी त्या कॉलेजात तुम्हाला हॉल मिळणार नाही.

पात्रतेत "किमान 60 टक्के, एकही एटीकेटी नको" असं सर्रास लिहिलं जातं. मोठ्या आयटी कंपन्यांच्या पत्रावरून ते उतरलेलं असतं. त्यांना हजारोंतून चाळायचं असतं, म्हणून त्यांना चाळणी लागते. तुम्हाला सहा जण हवेत. समजा अंतिम वर्षाला मेकॅनिकलचे 45 विद्यार्थी आहेत. 60 टक्के आणि सगळे विषय सुटलेले अशी अट लावली की वरची पंधरा-वीस नावं उरतात, आणि नेमके तेच पुढे डिग्रीला जाणारे असतात. तुमच्या जिनवर टिकणारा मुलगा बऱ्याचदा त्याखालच्या रांगेत असतो. गणितात एक विषय अडकलाय, पण घरी मोटरपंप स्वतः खोलून बसवतो, असा.

म्हणून अट कामाला धरून ठेवा. पाचव्या सत्रापर्यंत जास्तीत जास्त 2 विषय बाकी चालतील, पण रुजू होताना सगळे विषय उत्तीर्ण हवेत. म्हणजे ऑफर सशर्त राहते आणि तुम्हालाही धोका नाही. गेल्या वर्षी पास होऊन घरी बसलेल्यांनाही येऊ द्या. टीपीओंकडे त्यांचे नंबर असतात आणि ते लगेच रुजू होऊ शकतात. वय, गॅप वगैरे अटी तुम्हाला खरंच लागत नसतील तर गाळा. आणि "फक्त मुले" असं लिहू नका. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला कायद्याने मनाई आहे, शिवाय इलेक्ट्रिकलच्या वर्गात मुली बऱ्यापैकी असतात आणि पॅनलचं काम त्या उत्तम करतात. हंगामात दोन पाळ्या चालत असतील तर पाळ्यांच्या वेळा लिहा, ने-आणीची सोय लिहा. ठरवायचं ते मुलगी आणि तिच्या घरचे ठरवतील.

निवड कशी करणार, हेही पात्रतेच्या खालीच द्या. तुमच्यासारख्या युनिटला अर्ध्या तासाची लेखी चाचणी आणि दहा मिनिटांची मुलाखत पुरे. मुलाखतीला मेंटेनन्सचा माणूस असलाच पाहिजे. सोबत एक जुनं बेअरिंग आणि व्हर्नियर घेऊन जा. बेअरिंगवर 6205 लिहिलेलं असेल तर ते किती मिलिमीटरच्या शाफ्टवर बसेल, हे विचारा. शेवटच्या 05 ला 5 ने गुणलं की 25 मिलिमीटर येतात. ज्याला पाठ आहे तो लगेच सांगेल. ज्याला पाठ नाही पण व्हर्नियर उचलून आतला व्यास मोजून दाखवतो, तोही तुमच्या कामाचा. इलेक्ट्रिकलवाल्याला स्टार-डेल्टा स्टार्टरची आकृती काढायला सांगा आणि मोटर स्टारमध्येच अडकली तर काय होईल ते विचारा. चाचणीचे विषय पत्रात दिले की टीपीओ आधीच्या आठवड्यात एक तास उजळणी घेतात. त्यात तुमचाच फायदा आहे.

सगळ्यात जास्त घोळ तारखांमध्ये होतो. "आपल्या सोयीच्या तारखेला" असं लिहिणं नम्र वाटतं, पण त्याने काम पुढे सरकत नाही, कारण तारीख ठरवायचा भार तुम्ही टीपीओंवर टाकता. दोन तारखा द्या आणि त्यातली एक अमुक दिवसापर्यंत कळवा म्हणा.

त्या दोन तारखा निवडताना कॉलेजचं वर्ष डोळ्यांपुढे ठेवा. तंत्रशिक्षण मंडळाची उन्हाळी लेखी परीक्षा एप्रिल-मेच्या सुमारास असते, त्याआधी प्रॅक्टिकल आणि ओरल असतात. म्हणजे मार्च संपला की अंतिम वर्षाची मुलं तुमच्या हाती लागत नाहीत. जानेवारीत बऱ्याच ठिकाणी स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा असतात. 19 फेब्रुवारीला शिवजयंती, आणि तिच्या आदल्या दोन दिवसांत मुलं तयारीत असतात. पदवी कॉलेजला बोलावणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा : त्यांच्या कनिष्ठ विभागात बारावी बोर्डाचं केंद्र असलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये हॉलच रिकामा नसतो. हे सगळं वजा केलं की तंत्रनिकेतनासाठी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उरतो. तुमच्या बाजूनेही तो बरा. कापसाची आवक ओसरत आलेली असते, मशीन मात्र चालू असतात, त्यामुळे आधीच्या आठवड्यात मुलांना कारखाना दाखवायला बोलावता येतं. ज्याने जिन चालताना पाहिला आणि तरीही मुलाखतीला आला, त्याच्याबद्दल निम्मी काळजी मिटते.

पत्र मात्र त्याच्या किमान तीन आठवडे आधी कॉलेजात पोचायला हवं. आवक, शेरा, नोटीस, नावनोंदणी आणि यादी यांना मिळून एवढा वेळ लागतोच.

दिवसाच्या वेळाही लिहा. आपल्याकडची निम्मी मुलं एसटीच्या पासवर येतात. सकाळची पहिली गाडी धरूनही काही जण साडेनऊशिवाय पोचत नाहीत, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर मुलींना थांबायला जागा नसते. म्हणून साडेदहाला माहिती, अकराला चाचणी, बारापासून मुलाखती आणि काहीही झालं तरी चारला समाप्त. निकाल त्याच दिवशी टीपीओंच्या हाती द्या. "कळवतो" म्हणून गेलेल्या कंपनीची वाट पोरं महिनाभर बघतात आणि त्या नादात दुसरी मुलाखत सोडतात.

रुजू होण्याची तारीख ही वेगळीच गोष्ट आहे. निकाल साधारण जूनमध्ये लागतो. तुम्हाला ऑक्टोबरच्या हंगामाआधी, ओव्हरहॉलिंग चालू असताना पोरं हवीत, म्हणजे 1 जुलै ही तारीख कागदावर बरोबर दिसते. पण जुलैपासून थेट द्वितीय वर्ष इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची धामधूम सुरू होते आणि फेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबू शकतात. ज्याने नोकरी धरून अर्जही भरून ठेवलाय, तो फेरीत नंबर लागला की दुसऱ्या दिवशी जातो. त्याला दोष देता येत नाही, घरच्यांचीच तशी इच्छा असते. यावर बॉण्ड हा उपाय नाही. बॉण्डचं नाव काढलं की टीपीओ मागे सरतात, आणि वीस वर्षांच्या पोरावर दावा कुणी लावतही नाही. त्यापेक्षा अर्जात एक सरळ प्रश्न ठेवा : "पुढे डिग्रीला प्रवेश घेण्याचा विचार आहे का?" आणि होय म्हटल्याने नाव कापलं जाणार नाही, हेही लिहा. मग मुलं खरं सांगतात. निवड करताना नाही म्हणणारे चार आणि होय म्हणणारे दोन असा मेळ घाला, प्रतीक्षा यादीतले दोघं हाताशी ठेवा. घरी शेती असलेला मुलगा जून-जुलैत पेरणीसाठी आठ-पंधरा दिवस मागेल, तेवढी सवड तारखेत ठेवा. म्हणून पत्रात "1 ते 15 जुलै दरम्यान" असं लिहिलेलं बरं.

तुमच्या युनिटसाठी पत्र असं होईल. मराठीतच लिहा, शासकीय तंत्रनिकेतनात ते उलट लवकर हलतं.

प्रति,
मा. प्राचार्य, शासकीय तंत्रनिकेतन, ________
द्वारा : प्रशिक्षण व प्लेसमेंट अधिकारी

विषय : यंत्र व विद्युत अभियांत्रिकी पदविकेच्या अंतिम वर्षासाठी कॅम्पस मुलाखती, 6 जागा, दि. 10 किंवा 12 फेब्रुवारी

महोदय,

आमच्या राळेगाव तालुक्यातील जिनिंग-प्रेसिंग व तेल युनिटमध्ये मेंटेनन्स ट्रेनी म्हणून यंत्र शाखेच्या 4 व विद्युत शाखेच्या 2 जागा भरावयाच्या आहेत. या नियमित नोकऱ्या असून शिकाऊ उमेदवारी नाही. पहिले 6 महिने प्रशिक्षणाचे राहतील व त्या काळातही पूर्ण पगार मिळेल. कामाचे स्वरूप सोबतच्या पानावर दिले आहे.

पगार दरमहा एकूण रु. 16,000, कपातीनंतर हाती अंदाजे रु. 14,120 (मुलींसाठी रु. 14,320), कंपनीचा वार्षिक खर्च अंदाजे रु. 2.17 लाख. राहण्यासाठी कारखान्याच्या आवारात विनामूल्य खोली मिळेल; जेवणाचा खर्च स्वतःचा. ऑक्टोबर ते मार्च दोन पाळ्यांत काम चालते. जादा तासांचा मोबदला नियमाप्रमाणे दुप्पट दराने मिळेल.

पात्रता : यंत्र किंवा विद्युत पदविका, अंतिम वर्ष अथवा मागील वर्षी उत्तीर्ण. पाचव्या सत्रापर्यंत कमाल 2 विषय बाकी असल्यास चालेल; रुजू होताना सर्व विषय उत्तीर्ण असावेत. मुले व मुली दोघेही अर्ज करू शकतात.

निवड : 30 मिनिटांची लेखी चाचणी (बेअरिंग, बेल्ट ड्राइव्ह, हायड्रॉलिक्स, मोटर, स्टार्टर, अर्थिंग) व मुलाखत. सकाळी 10.30 ते दुपारी 4. निकाल त्याच दिवशी, नियुक्तिपत्र 7 दिवसांत, रुजू होणे 1 ते 15 जुलै दरम्यान.

आपणांकडून एक हॉल, मुलाखतीसाठी एक खोली व इच्छुक विद्यार्थ्यांची यादी 5 फेब्रुवारीपर्यंत मिळावी, ही विनंती. आमचे 3 प्रतिनिधी येतील. प्रवास व भोजनाची व्यवस्था आम्ही करू. वरीलपैकी सोयीची तारीख 27 जानेवारीपर्यंत कळवावी. इच्छुक विद्यार्थ्यांना 4 फेब्रुवारीला कारखाना पाहण्यास यावयाचे असल्यास वाहनाची व्यवस्था कंपनी करील.

कोणत्याही टप्प्यावर विद्यार्थ्याकडून शुल्क, अनामत वा मूळ कागदपत्रे घेतली जाणार नाहीत.

आपला विश्वासू,
नाव, पद, मोबाईल, शिक्का

यातलं खोलीचं, वाहनाचं किंवा सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचं वाक्य तुमच्याकडे खरं नसेल तर काढून टाका, खोटं ठेवू नका. मोबाईल नंबर मालकाचा नको. जो माणूस दुपारी फोन उचलेल आणि पोराच्या प्रश्नाला नीट उत्तर देईल, त्याचा द्या.

पत्रासोबत चार ओळींचा एक मजकूर वेगळा टाइप करून टीपीओंच्या व्हॉट्सॲपवर पाठवा : कंपनी, जागा, हातात येणारा पगार, पात्रता, तारीख, वेळ, आणताना लागणारे कागद. पोरांपर्यंत शेवटी तोच पोचतो. तुम्ही लिहून दिला नाही तर टीपीओंना घाईत लिहावा लागतो आणि त्यात "2 विषय बाकी चालतील" हीच ओळ नेमकी सुटते. ती सुटली हे तुम्हाला नावनोंदणीवरून कळेल. दोन शाखांच्या वर्गांतून पाच-सात नावंच आली, तर मुलांना पगार आवडला नाही असं ठरवण्याआधी टीपीओंना फोन करून ग्रुपवर काय गेलं ते विचारा.

तीन कॉलेजांना वेगवेगळ्या दिवशी जाण्याएवढ्या जागा तुमच्याकडे नाहीत. मध्यावर पडेल अशा एका कॉलेजला यजमान करा आणि बाकी दोघांना त्याच दिवशी मुलं पाठवायची विनंती करा. पत्रात तसं स्पष्ट लिहा आणि यजमान प्राचार्यांची संमती आल्यावरच बाकीच्या दोघांना कळवा. बाहेरून येणाऱ्या मुलांच्या गाडीभाड्याची सोय तुम्ही केली, तर दुसऱ्या कॉलेजांचे टीपीओ स्वतः मुलांना घेऊन येतात, असा माझा अनुभव आहे.

नियुक्तिपत्रं दिल्यावर जूनच्या निकालापर्यंत गप्प बसू नका. एप्रिलमध्ये परीक्षेआधी एकदा आणि निकालाच्या दिवशी एकदा, निवडलेल्या प्रत्येकाला मेंटेनन्सच्या माणसानेच फोन करावा. कोण विषयात अडकला आणि कोण प्रवेशाचा अर्ज भरतोय, ते त्या फोनवरच कळतं. तेव्हा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला 1 जुलैआधी बोलावता येतं. उशिरा बोलावलं तर तो तोवर पुण्याला किंवा बुटीबोरीला गेलेला असतो.